शाळा भरते तेव्हा ‘द’ लागत नाही

‘बाई, नमस्कार. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघते. लेक सहावीत आहे. ‘माय फॅमिली’ या निबंधात तिनं लिहिलं, ‘आय गो टु स्कूल एव्हरी डे.’ ते बरोबर धरलं. पुढं लिहिलं, ‘माय मदर गोज टु स्कूल फॉर द पेरेंट्स मीटिंग.’ तिथं सरांनी लाल पेनानं ‘द’ घातला आणि अर्धा मार्क कापला. शाळा तीच, मग एकदा ‘द’ नाही आणि एकदा आहे, असं का? परवा मी आमच्या अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला मेल केला, ‘माय फादर-इन-लॉ इज इन हॉस्पिटल.’ त्याच्या उत्तरात मात्र ‘इन द हॉस्पिटल’ आलं. मराठीत आपण सरळ शाळेत, दवाखान्यात म्हणतो, काही फरक नसतो. हे नुसतं पाठ करायचं, का यामागं काही आहे? लेक रोज विचारते आणि मला सांगता येत नाही.
— एक आई, सोलापूर’

ताई,

सरांची दुरुस्ती बरोबर आहे आणि तुमच्या मेलमध्येही चूक नव्हती. पण मराठीत काही फरक नसतो, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. फरक असतो. आपण तो दिवसातून चार वेळा बोलून दाखवतो. तो एका सुट्या शब्दात मावलेला नाही, म्हणून लक्षात येत नाही एवढंच.

सकाळी तुम्ही लेकीला म्हणत असाल, ‘आवर लवकर, शाळा भरेल.’ दुपारी शेजारीण विचारते, ‘शाळा सुटली का गं?’ रविवारी आपण म्हणतो, ‘आज शाळा नाही.’ आता रविवारी शाळेची इमारत कुठं जाते? ती जागच्या जागी असते, फाटकाला कुलूप असतं. तरी ‘शाळा नाही’ हे वाक्य कुणाला खोटं वाटत नाही. उलट पावसाळ्यात आपण म्हणतो, ‘शाळा गळते’, किंवा सुट्टीत ‘शाळा रंगवून घेतली’. गळते ती पत्र्याची नाहीतर स्लॅबची शाळा. भरते आणि सुटते ती वेगळीच शाळा, तिला भिंती नाहीत. ती म्हणजे शिकण्या-शिकवण्याचा रोजचा उद्योग. शब्द एकच, अर्थ दोन, आणि कुठला अर्थ घ्यायचा ते मराठीत पुढचं क्रियापद सांगतं.

इंग्रजीत ते काम ‘द’ करतो. भरणारी-सुटणारी शाळा म्हणजे नुसतं ‘स्कूल’. गळणारी, रंगवायची, जिच्या फाटकाशी आपण उभे राहतो ती ‘द स्कूल’. म्हणून ‘स्कूल स्टार्ट्स अ‍ॅट सेव्हन’, ‘स्कूल इज ओव्हर’, ‘देअर इज नो स्कूल टुडे’. यात कुठंच ‘द’ नाही. आणि ‘दे पेंटेड द स्कूल’, ‘द बस स्टॉप्स निअर द स्कूल’ इथं मात्र तो हवाच.

असं का होतं, तेही लेकीला सांगा, सहावीतल्या मुलीला ते समजतं. इंग्रजीत मोजता येणारी एक वस्तू कधी उघडी उभी राहत नाही. ‘आय बॉट बुक’ लिहिलं की सर लगेच मध्ये ‘अ’ घालतात. पुस्तकाच्या आधी ‘अ’ हवा, ‘द’ हवा, ‘माय’ हवं, ‘धिस’ हवं, काहीतरी हवंच. उघडे चालतात ते ‘मिल्क’, ‘वॉटर’, ‘म्युझिक’ असे शब्द, म्हणजे जे एक-दोन-तीन असे मोजत नाहीत. आता ‘स्कूल’ हा तर मोजता येणारा शब्द आहे, सोलापुरात शेकडो शाळा आहेत. तरी तो ‘गो टु स्कूल’मध्ये उघडा उभा राहतो. म्हणजे त्या जागी तो मोजायची वस्तू उरलेला नाही. तो दूध-पाण्याच्या रांगेत जाऊन बसला आहे, त्याचा अर्थ जवळपास ‘शिक्षण’ असा झाला आहे.

आता तुमच्या लेकीचा गोंधळ कुठून आला असेल तेही मला दिसतं. आपल्याकडे मुलांना पहिल्यांदा एकच नियम शिकवतात, ‘ठरावीक वस्तू असेल तर द’. नियम खोटा नाही. पण मूल त्यावरून विचार करतं की माझी शाळा तर ठरावीकच आहे, मी काही कुठल्याही शाळेत जात नाही, मग ‘आय गो टु द स्कूल’ लिहिलं पाहिजे. ही चूक मी हुशार मुलांच्या वह्यांत जास्त पाहिली आहे, कारण ती मुलं नियम लावून बघतात. तुमच्या लेकीनं उलट केलं. तिनं ‘गो टु स्कूल’ हे एकत्र पाठ केलं आणि आईच्या वाक्यातही तसंच ठेवलं. त्या मुलांची आणि तुमच्या लेकीची वाट चुकते ती एकाच ठिकाणी. इथं प्रश्न ‘कोणती शाळा’ हा नाहीच, प्रश्न आहे ‘कशाला’. ज्या कामासाठी शाळा आहे त्याच कामासाठी, म्हणजे शिकायला, ती जाते, म्हणून ‘गो टु स्कूल’. तुम्ही त्या शाळेत शिकत नाही. तुम्ही सभेला जाता, प्रगतिपुस्तकावर सही करायला जाता, कधी विसरलेला डबा द्यायला जाता. तुमच्यासाठी ती एक जागा आहे, म्हणून ‘माय मदर गोज टु द स्कूल’.

यातली गंमत अशी की सरांनी ‘द’ घातला नसता तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटलं असतं, या मुलीची आईसुद्धा शाळेत शिकते आहे. मोठेपणी शाळा शिकणारी आई असती तर ते वाक्य जसंच्या तसं बरोबर ठरलं असतं. म्हणून तो अर्धा मार्क नुसत्या व्याकरणाचा नव्हता, वाक्याचा अर्थच बदलत होता.

लेकीबरोबर बसून तिच्या वहीत अजून तीन वाक्यं करून घ्या. बाबा गाडीवर तिला सोडतात आणि फाटकाशी थांबतात, ते ‘माय फादर वेट्स आउटसाइड द स्कूल’. बाहेर थांबायचं तर भिंत लागते, फाटक लागतं, म्हणून ‘द’. शाळा सुटल्यावर ती आजीकडे जाते, ते ‘आफ्टर स्कूल आय गो टु माय ग्रँडमदर्स हाउस’. सुटते ती शाळा, म्हणून ‘द’ नाही. तिसरं वाक्य जरा नाजूक आहे. ‘माय अंकल लेफ्ट स्कूल इन २०१२’ म्हणजे काकांचं शालेय शिक्षण त्या वर्षी संपलं, मग दहावी होऊन असो की मध्येच सोडून. ‘माय अंकल लेफ्ट द स्कूल अ‍ॅट फाइव्ह’ म्हणजे काका पाच वाजता त्या आवारातून बाहेर पडले. आणि ‘ही लेफ्ट द स्कूल’ असं नुसतं लिहिलं तर ती विशिष्ट शाळा सोडून दुसरीकडे गेला असाही अर्थ निघतो. नोकरीच्या अर्जात हे वाक्य लोक हमखास लिहितात. तिथं चुकून पडलेल्या एका ‘द’मुळं समोरच्याला वाटू शकतं की शिक्षण पुढं चालू होतं.

मग आम्हा शिक्षकांचं काय, हा प्रश्न लेक विचारेलच. मुलं विचारतात. शिक्षक शिकायला जात नाहीत, पण शाळा भरते ती मुलं आणि शिक्षक दोघं मिळून. म्हणून शिक्षिकेनं ‘आय अ‍ॅम अ‍ॅट स्कूल बाय सेव्हन’ म्हटलं तरी ते चालतं, इंग्रजी मुलखातले शिक्षकही तसं म्हणतात. मराठीनं इथंही आपली सोय केली आहे. मुलं शाळेत जातात, पण खेड्यातले मास्तर ‘शाळेवर’ जातात, जसा माणूस कामावर जातो.

ही मोकळीक दवाखान्यात मात्र नाही. ‘इन हॉस्पिटल’ म्हणजे भरती. तिथं जो कॉटवर आहे त्याच्यासाठीच ते शब्द. डॉक्टरीणबाई सकाळी राउंडला गेल्या असतील आणि कुणी सांगितलं ‘द डॉक्टर इज इन हॉस्पिटल’, तर ऐकणारा विचारेल, त्यांना काय झालं? बाई कामावर आहेत असं सांगायचं तर ‘द डॉक्टर इज अ‍ॅट द हॉस्पिटल’. तुमचे सासरे भरती आहेत, ते ‘इन हॉस्पिटल’. तुम्ही संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन जाता, तुम्ही ‘अ‍ॅट द हॉस्पिटल’. एका खोलीत, एकाच वेळी, कॉटवरचा माणूस आणि कॉटशेजारच्या स्टुलावरचा माणूस, दोघांची वाक्यं वेगळी. कुठला शब्द कुठं, हा गोंधळ झाला की मी मुलांना हीच कॉट आणि हे स्टूल डोळ्यांपुढं आणायला सांगायची.

तुरुंगाचंही असंच. सोलापूरच्या मुलांना चार हुतात्म्यांची माहिती शाळेतच होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांच्याबद्दल लिहायचं तर ‘दे वेअर इन प्रिझन’, कारण ते तिथं बंदी होते. आज कुणी ती जागा बघायला गेलं तर ‘वी वेंट टु सी द प्रिझन’. पाहुण्याच्या वाक्यातला ‘द’ विसरला तर पाहुणा कैदी होतो.

कोर्टाच्या बाबतीत माझ्यावरच एक प्रसंग आला होता. नोकरीची पहिली वर्षं होती. रेशन कार्डावर माझं नाव माहेरचंच राहिलं होतं आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाच्या आवारात जायचं होतं. तिथंच नोटरी बसायचे. मी अर्ज लिहिला, ‘आय हॅव टु गो टु कोर्ट टुमॉरो.’ मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘घरी सगळं ठीक आहे ना? सासरकडचं काही आहे का?’ मला काही कळेना. त्यांचं इंग्रजी पक्कं होतं, त्यांनी अर्ज वाचला तो बरोबर वाचला. ‘गो टु कोर्ट’ म्हणजे दाद मागायला जाणं, खटल्यासाठी जाणं. आपणही मराठीत चिडून म्हणतो, ‘मी कोर्टात जाईन!’ तेव्हा कुणी इमारतीबद्दल बोलत नसतं. मला लिहायचं होतं ‘टु द कोर्ट’, त्या आवारात. घरी येऊन मी त्या वाक्याकडे कितीतरी वेळ बघत बसले. तोवर मी वर्गात ‘द’चा नियम शिकवत होते, पण तो ‘द’ काय करतो ते मला त्या दिवशी समजलं.

‘बेड’चंही एक लेकीला सांगून ठेवा, रोज लागतं. ‘गो टु बेड’ म्हणजे झोपायला जाणं. झोपायला तुम्ही चटईवर गेलात तरी चालेल, पलंग घरात नसला तरी चालेल. आणि ‘शी वेंट टु द बेड अँड पिक्ड अप द टॉवेल’ म्हणजे पलंगापाशी जाऊन टॉवेल उचलला. ‘होम’ला तर ‘टु’सुद्धा लागत नाही, ‘गो होम’. आपल्याकडेही तसंच आहे. शाळेत, दुकानात, गावात असं ‘त’ लावतो, पण घराला ‘घरी’ असं खास रूप आहे. फार वापरातले शब्द प्रत्येक भाषेत स्वतःची वाट काढतात.

आता सगळ्यात जास्त चुका कुठं होतात तिकडं येते. कशाला जातो हा प्रश्न कळला की मुलं तो सगळीकडे लावायला लागतात, आणि मग फसतात. कारण हा नियम सगळ्या जागांना लागत नाही. ज्यांना लागतो ते शब्द मोजके आहेत, स्कूल, कॉलेज, चर्च, कोर्ट, प्रिझन, जेल, बेड, आणि ब्रिटिश इंग्रजीत हॉस्पिटल आणि युनिव्हर्सिटी. अजून थोडे आहेत, पण यादी छोटीच. बाकीच्या जागांना, तिथं तुम्ही नेमक्या त्याच कामाला रोज गेलात तरी, ‘द’ सुटत नाही.

गिरणीचं बघा. सोलापुरात घराघरातून माणसं गिरणीत जायची, भोंग्यावर घड्याळ लावायची. गिरणी ज्या कामासाठी होती त्याच कामाला जायची. तरी इंग्रजीत ‘माय ग्रँडफादर वेंट टु मिल’ होत नाही, ‘टु द मिल’च होतं. ‘मिल’ त्या यादीत नाही. नुसतं चालतं ते ‘वर्क’, ‘ही वेंट टु वर्क’, कामावर गेला. बँकेचंही तसंच. तुम्ही पैसे भरायलाच जाता, बँक त्यासाठीच असते, तरी ‘आय अ‍ॅम गोइंग टु द बँक’. कुठली बँक हे समोरच्याला ठाऊक नसलं तरीसुद्धा ‘द’. पोस्ट ऑफिस, स्टेशन, लायब्ररी, सिनेमा यांचंही असंच. मंदिराचं लोक विचारतात, चर्चला ‘द’ नाही तर मंदिराला का. कारण ‘गो टु चर्च’ हे त्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेलं आहे, ‘टेम्पल’ सर्वसाधारण इंग्रजीत तसं रुळलेलं नाही. संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेवर निबंध आला तर लेकीनं ‘वी वेंट टु द टेम्पल’च लिहावं.

तुमच्या कामाचा शब्द ‘ऑफिस’, म्हणून त्याच्याशी जरा थांबते. आपल्याकडे सगळे ‘आय गो टु ऑफिस’ म्हणतात आणि आपल्याला ते कळतं. पण लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या माणसाला ते अडखळतं, तो ‘टु द ऑफिस’ म्हणेल नाहीतर ‘टु वर्क’. त्यात ‘इन ऑफिस’ याला त्यांच्याकडे वेगळा अर्थ आहे, सत्तेवर किंवा पदावर असणं. एखादा पक्ष पाच वर्षं ‘इन ऑफिस’ असतो. तुमचे मालक टेबलापाशी बसले आहेत हे कळवायचं असेल तर ‘ही इज इन द ऑफिस’ लिहा. नुसतं ‘ही इज इन ऑफिस’ लिहिलं तर ते कुठली निवडणूक जिंकले, असं वाटेल.

‘मार्केट’ या शब्दात तर आपल्या गावाचाच धंदा आहे. कांद्याचा ट्रक यार्डात येतो तेव्हा शेतकऱ्यानं ‘टुक हिज अन्यन्स टु मार्केट’, म्हणजे विकायला आणला. इथं ‘द’शिवाय चालतं, कारण विक्रीला नेणं हा उद्योग झाला. आणि तुम्ही पिशवी घेऊन भाजी आणायला जाता ते ‘टु द मार्केट’. विकणाऱ्याला नुसतं ‘मार्केट’, घेणाऱ्याला ‘द मार्केट’. त्याच यार्डात, त्याच कांद्याभोवती.

अजून एक गोष्ट वहीत हटकून चुकते. ‘स्कूल’च्या आधी विशेषण आलं की त्याचा उघडेपणा संपतो. ‘आय गो टु गुड स्कूल’ चुकीचं, ‘आय गो टु अ गुड स्कूल’ बरोबर. चांगली म्हटलं की अनेक शाळांतली एक आली, म्हणजे ती पुन्हा मोजायची वस्तू झाली. ‘द स्कूल निअर अवर हाउस’ यातही तसंच, घराजवळची म्हटलं की जागा आली. मात्र ‘प्रायमरी स्कूल’, ‘हायस्कूल’, ‘नाइट स्कूल’ यांत पुढचा शब्द शाळेचं वर्णन करत नाही, शिक्षणाचा प्रकार सांगतो. म्हणून ‘ही वेंट टु नाइट स्कूल’ हे ‘द’शिवाय बरोबर. दिवसा मागावर आणि रात्री वर्गात बसून शिकलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर हेच वाक्य लागतं.

नावांचं थोडक्यात सांगते, कारण ते वेगळं प्रकरण आहे. गावाचं नाव पुढं असलं की ‘द’ नाही, ‘सोलापूर युनिव्हर्सिटी’, ‘सोलापूर स्टेशन’. मध्ये ‘ऑफ’ आला की बहुतेक वेळा ‘द’ येतो, ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’. तिथं कशाला जातो हा प्रश्न विचारायचा नाही, नाव जसं आहे तसं घ्यायचं.

राहिला तुमचा मेल. तुम्ही ‘इन हॉस्पिटल’ लिहिलं ते ब्रिटिश धाटणीचं, आपल्या शाळांत तेच शिकवतात आणि परीक्षेत तेच बरोबर. अमेरिकेत रुग्णासाठीसुद्धा ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात. त्या माणसानं तुमची चूक काढली नाही, तो आपल्या घरी बोलतो तसं त्यानं लिहिलं. शाळा, कॉलेज, चर्च, तुरुंग यांत दोन्हीकडचे लोक सारखेच, हॉस्पिटलपाशी त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘युनिव्हर्सिटी’चंही तसंच आहे. ब्रिटिश माणसाचा मुलगा ‘अ‍ॅट युनिव्हर्सिटी’ असतो, अमेरिकन त्याच मुलाला बहुधा ‘इन कॉलेज’ म्हणतो.

पण यात तुमच्यासाठी कामाची एक गोष्ट आहे. अमेरिकन वाक्यात ‘द’ दोन्हीकडे असल्यानं, कॉटवर कोण आणि स्टुलावर कोण ते एकट्या ‘द’वरून कळत नाही. ‘आय अ‍ॅम इन द हॉस्पिटल’ असं तुम्ही स्टुलावर बसल्या बसल्या घाईत लिहिलंत, तर तो गिऱ्हाईक तुम्हीच भरती आहात असं समजू शकतो आणि माल वेळेवर निघेल का, ही काळजी करायला लागतो. म्हणून त्याला लिहिताना भरतीचा शब्द सरळ वापरा, ‘माय फादर-इन-लॉ हॅज बीन अ‍ॅडमिटेड टु द हॉस्पिटल’. ‘अ‍ॅडमिटेड इन’ नाही, ‘अ‍ॅडमिटेड टु’. आणि पुढं स्वतःचं, ‘आय विल बी अ‍ॅट द हॉस्पिटल इन द इव्हनिंग्ज, बट आय अ‍ॅम अ‍ॅट वर्क टिल फाइव्ह.’ म्हणजे सासऱ्यांचं त्याला कळेल, तुमचं कळेल आणि टॉवेलच्या ऑर्डरचंही कळेल.

लेकीच्या वहीत सरांच्या लाल ‘द’शेजारी पेन्सिलनं एवढंच लिहून ठेवा, ‘आई सभेला गेली.’ पुढच्या निबंधात ती आजोबांना भेटायला गेल्याचं लिहिणार असेल तर आजोबा ‘इन हॉस्पिटल’ आणि ती स्वतः ‘टु द हॉस्पिटल’, हे तिच्याकडून आधी तोंडी म्हणून घ्या. सासऱ्यांना लवकर घरी आणा. त्या वाक्यात ‘टु’ही लागत नाही.